दहा मिनिटांत ग्रॅनोव्हेटर: एका सेमिनारची स्क्रिप्ट

मागच्या सत्रात ठाण्यातल्या आमच्या एमएच्या वर्गातली, कळव्याहून येणारी एक विद्यार्थिनी सेमिनारच्या चार दिवस आधी अकरा पानं लिहून घेऊन आली. तिच्या वाट्याला समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ सालचा लेख आला होता, ‘द स्ट्रेंग्थ ऑफ वीक टाइज’. ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’त छापून आलेला, एकवीस पानांचा. तिनं लेखातला एकेक भाग ओळीनं घेऊन त्याचं सार काढलं होतं. सार चुकलेलं नव्हतं. मी म्हटलं, मोठ्यानं वाच, मी घड्याळ लावते. दहा मिनिटं झाली तेव्हा ती पाचव्या पानावर होती आणि लेखाचा मुख्य युक्तिवाद अजून यायचाच होता.

दरवर्षी हे असंच होतं, म्हणून ती स्क्रिप्ट आम्ही पुन्हा कशी लिहिली ते इथे सांगते. समोरच्याला टिपणं घेता येतील अशा बेतानं मराठी वाचली तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. दहा मिनिटांचे झाले हजार. फळ्यावर आकृती काढायची असेल तर तेवढा वेळ तोंड बंद असतं, शिवाय कुणीतरी उशिरा येऊन बाक सरकवतंच. म्हणजे हातात आठशे शब्द. एकवीस पानांना आठशे शब्द पुरणार नाहीत, त्यामुळे लेख ‘छोटा’ करायचा विचारच सोडून द्यावा लागतो. लेखाचा सांगाडा कशावर उभा आहे ते शोधायचं आणि सर्वांत जास्त वेळ तिथे घालवायचा.

ते शोधायला मी मुलांना एक साधी गोष्ट करायला सांगते. लेखातला एकेक मुद्दा बोटानं झाकायचा आणि बघायचं, बाकीचा लेख उभा राहतो का? नोकरीची आकडेवारी झाकली तर युक्तिवाद शिल्लक राहतो, फक्त पुरावा कमी होतो. बॉस्टनच्या वस्तीचं उदाहरण झाकलं तरी फारसं बिघडत नाही. पण लेखाच्या सुरुवातीलाच तीन माणसांचा एक त्रिकोण येतो. तो झाकला की पुढचं सगळं ‘ओळखी असाव्यात बुवा’ एवढ्यावर येतं. आमच्या या विद्यार्थिनीच्या अकरा पानांत त्या त्रिकोणाला चार ओळी होत्या.

सुरुवात कशानं करायची यावरून आमचा थोडा वाद झाला. तिला लेखकाच्या परिचयानं करायची होती. मला परिचयाचं वावडं नाही, पण आठशेतले शंभर शब्द त्यात गेले तर वर्ग जागा व्हायच्या आतच झोपतो. शेवटी तिनं असं लिहिलं:

> नोकरी शोधायची वेळ आली की आपण आधी कुणाला सांगतो? घरच्यांना, जिवलग मैत्रिणींना. त्यांना आपली काळजी असते, त्या आपल्यासाठी धावपळ करतात. ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की या नोकरीची खबर तुम्हाला कुणाकडून लागली. ज्यांना ओळखीतून लागली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांना ती जवळच्या माणसाकडून लागलेलीच नव्हती. अधूनमधून भेटणारा कुणी जुना सहकारी, वर्षा-दोन वर्षांत न दिसलेला कुणी ओळखीचा, अशांकडून लागली होती. ज्याला आपली काळजी कमी, त्याचा उपयोग जास्त. असं का व्हावं? हा लेख त्याचं कारण सांगतो, आणि ते कारण त्या माणसाच्या स्वभावात नाही, तो जाळ्यात कुठे उभा आहे यात आहे.

लेखात नोकरीचा भाग बराच नंतर येतो. तो पुढे ओढून आणला म्हणून काही बिघडत नाही. लेखकानं ज्या क्रमानं लिहिलं त्याच क्रमानं सांगायला आपण बांधलेले नाही. त्याच्या युक्तिवादाचा क्रम मात्र मोडता येत नाही: आधी व्याख्या, मग त्रिकोण, मग पूल, मग पुरावा.

व्याख्येपाशी भाषांतराचा एक खड्डा आहे, आणि त्यात आमची विद्यार्थिनी नेमकी पडली होती. ‘वीक टाय’ला तिनं ‘तोंडओळख’ लिहिलं होतं. शब्द कानाला गोड आणि अस्सल मराठी, पण इथे चूक. ग्रॅनोव्हेटर नात्यांचे तीन प्रकार करतात: घट्ट, सैल आणि नसलेलं. रस्त्यात दिसल्यावर मान डोलावण्यापुरती ओळख, रोज ज्याच्याकडून पेपर घेतो त्या विक्रेत्याशी असलेला संबंध, हे त्यांनी एका तळटीपेत स्पष्टपणे ‘नसलेल्या’ नात्यात टाकलेत. म्हणजे आपली तोंडओळख त्यांच्या हिशेबात सैल नातंसुद्धा नाही. आम्ही ‘सैल नातं’ आणि ‘घट्ट नातं’ हे शब्द ठरवले आणि शेवटपर्यंत तेच ठेवले. कंटाळवाणं होईल म्हणून मधेच ‘दुर्बळ बंध’, मधेच ‘वरवरचे संबंध’ असं लिहिलं की ऐकणाऱ्याला या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. निबंधात शब्द बदलले की शाबासकी मिळते. तोंडी मांडणीत त्यानं गोंधळ होतो.

> नातं किती घट्ट आहे हे ग्रॅनोव्हेटर चार गोष्टींवरून ठरवतात. एकमेकांबरोबर किती वेळ जातो, भावना किती गुंतल्या आहेत, मनातलं किती सांगतो, आणि एकमेकांची कामं किती करतो. चारही भरपूर असतील तर नातं घट्ट. थोडी थोडी असतील तर सैल. रोज पेपर टाकणाऱ्याशी आपलं असतं तेवढंच असेल, तर ते नातं नाहीच असं धरायचं. ही ‘चार’ची यादी लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ते शेवटचं वाक्य मी तिला घालायला लावलं. का, ते प्रश्नांपाशी येईल.

आता त्रिकोण. याला आम्ही सव्वातीन मिनिटं दिली. फळ्यावर तीन ठिपके काढायचे, अ, ब आणि क. अ-ब जाड रेघ, अ-क जाड रेघ. मग ब आणि क यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर खडू टेकवून तिथेच थांबायचं. लेखातली पायरी न पायरी तिनं अशी लिहिली:

> अ ही मी. ब माझी जिवलग मैत्रीण, क माझी चुलत बहीण, दोघींशी माझं नातं घट्ट. मी ‘ब’बरोबर खूप वेळ असते, ‘क’बरोबरही खूप वेळ असते. मग कधी ना कधी दोघी माझ्या घरी एकाच वेळी येणारच. शिवाय दोघी थोड्याफार माझ्यासारख्या आहेत, म्हणून तर माझं दोघींशी जमतं. म्हणजे त्यांचंही एकमेकींशी जमायची शक्यता बरी आहे. आणि माझ्या दोन जवळच्या माणसांचं एकमेकींशी काहीच नसेल तर ते मलाच अवघड होतं. या तीन कारणांनी ब आणि क यांच्यात निदान सैल नातं तरी तयार होतंच, असं ग्रॅनोव्हेटर म्हणतात. दोन बाजू घट्ट आणि तिसरी बाजू रिकामी, असा त्रिकोण ते ‘निषिद्ध’ ठरवतात. प्रत्यक्षात तो कधीच दिसत नाही असं नाही. पण तो इतका क्वचित दिसतो की आपण तो नाहीच असं धरून पुढे गेलो तरी चालेल, असं ते सांगतात.

> आता पूल म्हणजे काय ते पाहू. दोन गटांना जोडणारी एकच रेघ असेल, ती पुसली तर इकडची खबर तिकडे जायला दुसरी वाटच नसेल, तर ती रेघ म्हणजे पूल. प्रश्न असा आहे: घट्ट नातं पूल होऊ शकतं का? समजा अ-ब ही रेघ घट्ट आहे आणि पूलही आहे. ‘अ’चं ‘क’शी घट्ट नातं आहे. मग निषिद्ध त्रिकोणाच्या नियमानं ब-क रेघ असायलाच हवी. पण ब-क रेघ असेल तर ‘अ’कडची खबर ‘क’मार्गे ‘ब’ला पोचते. म्हणजे दुसरी वाट निघाली. म्हणजे अ-ब पूल राहिला नाही. म्हणून घट्ट नातं पूल होऊ शकत नाही, जोवर त्या दोघांपैकी एकाचं तरी आणखी कुणाशी घट्ट नातं आहे तोवर. पूल असेल तर तो सैल नात्याचाच असणार.

इथे थांबायचं. स्क्रिप्टमध्ये कंसात ‘पाच सेकंद गप्प’ असं लिहून ठेवायचं, नाहीतर माणूस थांबत नाही. या परिच्छेदानंतर वर्गाच्या चेहऱ्याकडे पाहिलं की कळतं गाडी रुळावर आहे की नाही. कुणी फळ्यावरच्या ब-क जागेकडे बघत असेल तर पोचलं. सगळे वहीत लिहीत असतील तर फक्त शब्द उतरवले जाताहेत, कारण त्या पायरीला लिहिण्यासारखं काही नसतं, बघण्यासारखंच असतं. अशा वेळी तोच परिच्छेद पुन्हा वाचायचा नाही. ब-क रेघ खडूनं काढायची, पुसायची, परत काढायची आणि अ-ब पूल कधी राहतो ते त्यांनाच विचारायचं.

याच जागी दोन चुका हमखास होतात. पहिली: ‘म्हणून सगळी सैल नाती पूल असतात.’ लेख असं म्हणत नाही. सगळे पूल सैल असतात, सगळी सैल नाती पूल नसतात. माझी जिच्याशी सैल ओळख आहे ती माझ्याच गटातली असू शकते, आणि मग तिच्याकडून मला काही नवं कळणार नाही. दुसरी: ‘म्हणून सैल नाती घट्ट नात्यांपेक्षा चांगली.’ हेही नाही. दवाखान्यात रात्रभर बसायला सैल नात्यातलं कुणी येत नसतं, आणि ग्रॅनोव्हेटर ते नाकारत नाहीत. त्यांचं म्हणणं खबर कुठून कुठे पोचते एवढ्यापुरतं आहे. शीर्षकातल्या ‘ताकद’ या शब्दानं ही फसगत होते.

खऱ्या आयुष्यात ‘दुसरी वाटच नाही’ असा पूल विरळा. हे ग्रॅनोव्हेटर यांनाही माहीत आहे, म्हणून ते ‘स्थानिक पूल’ अशी सौम्य कल्पना आणतात. ती समजावायला लेखातली आकृती घ्यायची गरज आम्हाला पडली नाही, ठाण्याची खाडी पुरली.

> ठाण्याहून कळव्याला जाणारे खाडीवरचे पूल बंद ठेवले तर रस्त्यानं कळव्याला जाताच येणार नाही असं नाही. मुलुंडवरून ऐरोलीच्या पुलानं पलीकडे जायचं, मग दिघा, विटावा करत कळवा. वाट आहे, पण केवढा फेरा! ओळखींचंही तसंच. रेघ पुसल्यावर पडणारा फेरा जितका लांब, तितकी ती रेघ मोलाची. कारण खबर लांबच्या फेऱ्यानं निघाली तर वाटेतच विरते, किंवा पोचते तोवर शिळी होते.

स्वतः रोज तो पूल ओलांडणाऱ्या मुलीनं हे सांगितल्यावर वर्ग हसला आणि मुद्दा बसला. असं स्थानिक उदाहरण मात्र एकदाच घ्यावं. प्रत्येक संकल्पनेला ठाण्यातलं काहीतरी चिकटवलं की लोकांना उदाहरणं आठवतात, लेख आठवत नाही.

पुराव्याला दीड मिनिट. आकडे तीनच, आणि ते टक्क्यांत न सांगता माणसांत सांगायचे. लेखात टक्के दिले आहेत: १६.७, ५५.६ आणि २७.८. ऐकणाऱ्याला दशांश पकडता येत नाहीत. नमुना ५४ जणांचा होता, त्यामुळे हिशेब सरळ होतो.

> व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय नोकऱ्यांतल्या ५४ जणांना ओळखीतून नोकरी मिळाली होती. खबर देणारा माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत होता, असं त्यांना विचारलं. आठवड्यातून निदान दोनदा भेटणारा, असं ९ जणांनी सांगितलं. वर्षातून एकदापेक्षा जास्त पण आठवड्यातून दोनदापेक्षा कमी, असं ३० जणांनी. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, असं १५ जणांनी. म्हणजे ५४ पैकी ४५ जणांना खबर वारंवार न भेटणाऱ्याकडून आली.

मग उरलेल्या मिनिटभरात लेखाची मर्यादा एका वाक्यात आणि थेट प्रश्न. ‘अशा प्रकारे आपण पाहिलं की’ हा परिच्छेद तिनं लिहिला होता, मी खोडला. दहा मिनिटांपूर्वी सांगितलेलं परत सांगायला आपण कीर्तनाला बसलेलो नाही.

काय गाळलं तेही सांगायला हवं. लेखात मिशिगनमधल्या एका शाळेच्या अभ्यासाचा आधार आहे. प्रत्येक मुलाला जवळच्या आठ मित्रांची नावं क्रमानं लिहायला सांगितली होती. पहिल्या-दुसऱ्या मित्राच्या साखळीनं गेलं तर सर्वांत कमी मुलांपर्यंत पोचता आलं, सातव्या-आठव्याच्या साखळीनं सर्वांत जास्त. फार सुंदर पुरावा आहे, मला तर नोकरीच्या आकड्यांपेक्षा तो जास्त पटतो. पण तो नीट सांगायला दोन मिनिटं लागतात. अर्धवट सांगण्यापेक्षा गाळलेला बरा. बॉस्टनच्या वेस्ट एंड या इटालियन वस्तीचा भागही गाळला. नूतनीकरणाच्या नावाखाली ती वस्ती पाडली गेली आणि लोकांना एकजुटीनं विरोध करता आला नाही. घट्ट नात्यांचे छोटे छोटे गट होते, पण त्यांना जोडणारे पूल नसावेत, असा ग्रॅनोव्हेटर यांचा अंदाज. त्या वस्तीत राहून पुस्तक लिहिलेल्या हर्बर्ट गान्स यांनी पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात त्यावर हरकत घेतली. हे तिनं एका कागदावर वेगळं लिहून खिशात ठेवलं. चर्चेत कुणी पुनर्विकासाचा विषय काढला असता तर लागलं असतं. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत राहणारी दोघं वर्गात होती, त्यामुळे शक्यता होतीच.

आता प्रश्न. तिनं मूळ सहा प्रश्न आणले होते आणि सहाही एकाच जातीचे: ‘आजच्या काळात सैल नात्यांचं महत्त्व काय?’, ‘सोशल मीडियामुळे काय बदल झाले?’ असल्या प्रश्नांवर एक जण ‘खूप बदल झाले’ म्हणतो, दुसरा ‘फायदेही आहेत, तोटेही आहेत’ म्हणतो, आणि सगळे घड्याळाकडे बघतात. त्यांना लेख लागतच नाही. लेख न वाचता, सेमिनारही न ऐकता कुणीही उत्तर देऊ शकेल असा प्रश्न बाद करायचा. उलट टोकाचा, म्हणजे लेख पानोपानी वाचलेल्यालाच जमेल असा प्रश्नही बाद, कारण तसे वर्गात दोघंच असतात. नुकतंच दहा मिनिटं जे ऐकलं तेवढ्या बळावर दोन बाजूंनी भांडता येईल असा प्रश्न हवा. तो सापडतो लेखातल्या सांध्यांच्या फटीत, म्हणजे लेखक एक म्हणतो आणि करतो थोडं वेगळं, अशा जागी. आम्ही तीन ठेवले.

पहिला प्रश्न गाडीचा.

> तुमच्यापैकी कुणाच्या आईचा किंवा बाबांचा गाडीतला ग्रुप आहे? वर्षानुवर्षं तीच लोकल, तोच डबा, आठवड्यातून पाच दिवस, रोज पाऊण तास. भजनं, वाढदिवस, डबे. पण एकमेकांच्या घरी कधी गेलेले नाहीत. हे नातं घट्ट की सैल?

वरवर गमतीचा प्रश्न आहे, पण तो लेखाच्या मर्मावर जातो. व्याख्येत चार गोष्टी आहेत. गाडीतल्या ग्रुपमध्ये वेळ भरपूर, पण मनातलं सांगणं कदाचित कमी. चार गोष्टी एका दिशेनं जात नसतील तर नातं मोजायचं कसं? आणि आकडेवारीत ग्रॅनोव्हेटर यांनी चारपैकी काय मोजलं? फक्त किती वेळा भेट होते ते. त्या मोजपट्टीवर गाडीतली मैत्रीण ‘आठवड्यातून निदान दोनदा’ या रकान्यात, म्हणजे घट्ट नात्यात जाते. व्याख्येनं पाहिलं तर ती सैल असू शकते, आणि वेगवेगळ्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या त्या बायका एकमेकींसाठी पूल असायची शक्यता तर पुष्कळच. व्याख्या आणि मोजणी यांच्यात पडलेली ही फट या एका प्रश्नानं वर्गाला स्वतःच सापडते. म्हणून ‘ही यादी लक्षात ठेवा’ ते वाक्य घातलं होतं. चर्चेची तयारी स्क्रिप्टच्या दुसऱ्या मिनिटाला करावी लागते ती अशी.

दुसरा प्रश्न आकड्यांचा.

> ५४ पैकी फक्त ९ जणांना वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळाली. यावरून घट्ट नाती नोकरीसाठी कमी उपयोगी आहेत असं म्हणता येईल का? म्हणायचं असेल तर आणखी कोणता आकडा हवा?

याला उत्तर सहज येत नाही, म्हणून पाठीशी एक हिशेब तयार ठेवावा लागतो. हिशेब पूर्ण काल्पनिक आहे आणि तसं आधीच सांगायचं. समजा या ५४ जणांपैकी प्रत्येकाला वारंवार भेटणारी ५ माणसं होती आणि अधूनमधून भेटणारी १००. म्हणजे वारंवारची नाती एकूण २७०, त्यांतून ९ नोकऱ्या: तीस नात्यांमागे एक. अधूनमधूनची नाती ५,४००, त्यांतून ३० नोकऱ्या: एकशेऐंशी नात्यांमागे एक. असं असेल तर एकेका नात्यामागे घट्ट नातंच सहापट फळलं! सैल नाती जास्त उपयोगी दिसतात ती कदाचित संख्येनं जास्त असतात म्हणूनही असेल. कुणाकडे एकूण किती नाती होती हे कळल्याशिवाय ते सांगता येत नाही. यानं त्रिकोणाचा युक्तिवाद पडत नाही, हेही लगेच सांगायचं. तो तर्कावर उभा आहे. त्याला दिलेला हा आधार मात्र वाटतो तितका भक्कम नाही. या प्रश्नासाठी तिच्या खिशात आणखी एक कागद होता: २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेला लिंक्डइनवरचा प्रयोग. दोन कोटींहून जास्त लोक आणि पाच वर्षं. ओळख सुचवणाऱ्या यंत्रणेत मुद्दाम फेरफार करून कुणाला सैल, कुणाला घट्ट ओळखी जास्त सुचवल्या गेल्या. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या मध्यम सैल ओळखी, अगदीच पातळ नव्हेत. हा कागद आधी बाहेर काढायचा नाही. काढला की वर्ग ‘मग झालं तर’ म्हणून विचार करणं सोडतो.

तिसरा प्रश्न माझा लाडका, कारण त्याला मराठीत नेमका शब्द आहे.

> लेखात सैल नात्यातून मिळते ती खबर. आपल्याकडे ओळखीतून मिळतो तो बऱ्याचदा वशिला. खबर आणि वशिला एकाच प्रकारच्या नात्यातून येतात का?

वशिला लावणारा स्वतःचं वजन खर्च करतो, कधी धोकाही पत्करतो. ते कुणी वर्षातून एकदा भेटणाऱ्यासाठी करेल का? यानजिए बियान यांनी चीनमधल्या तियानजिन शहराचा अभ्यास करून १९९७ साली नेमकं हेच दाखवलं. सरकार नोकऱ्या वाटत होतं त्या व्यवस्थेत ओळखीतून वाहत होतं ते वजन, आणि त्याला विश्वास लागत असल्यानं घट्ट नाती कामाला आली. म्हणजे ग्रॅनोव्हेटर चुकले असं नाही. त्यांचा निष्कर्ष, नात्यातून काय वाहतंय यावर अवलंबून आहे, आणि लेखात ते गृहीत धरलेलं आहे. इथे आपल्याकडे जातीचा, गावाचा, नात्यागोत्याचा मुद्दा वर्गातून आपोआप येतो. तो आपण आणायचा नाही.

प्रश्न विचारल्यावर मनात वीस मोजायचे. आमच्या विद्यार्थिनीला हे सर्वांत कठीण गेलं. सरावात ती तिसऱ्या आकड्यालाच स्वतः उत्तर द्यायची.

सेमिनारला तिला दहा मिनिटं चाळीस सेकंद लागली, कारण खाडीच्या उदाहरणावर लोक हसले आणि तिनं ऐनवेळी मुंब्र्याचाही रस्ता जोडला. पहिल्या प्रश्नावर अकराव्या सेकंदाला मागच्या बाकावरून हात वर आला. त्याच्या बाबांचा बदलापूरहून येणारा ग्रुप होता. बाबांना ऑपरेशनला नेलं तेव्हा रक्त द्यायला त्यातलेच चौघे आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की एकाचं आडनाव काय आहे. मग हे सैल कसं? लगेच दुसरी म्हणाली, त्याआधी एक दिवस विचारलं असतंस तर तू ‘सैल’च म्हणाला असतास. वीस मिनिटं त्यातच गेली, तिसरा प्रश्न घाईत उरकावा लागला.

शेवटी पहिल्या बाकावरच्या एकीनं विचारलं, मॅडम, आमच्या सोसायटीत कुठला फ्लॅट रिकामा होतोय हे सगळ्यांच्या आधी पेपरवाल्याला कळतं, आणि आम्हाला भाड्याचं घर त्याच्यामुळेच मिळालं. मग त्याच्याशी नातं ‘नाही’ असं कसं म्हणायचं? प्रश्न माझ्याकडे बघून विचारला होता, पण मी फळ्याकडे बोट केलं. विद्यार्थिनी खडू घेऊन उभी राहिली, ‘अ’पासून दूर एक ठिपका काढला, त्याला तुटक रेघेनं जोडलं आणि म्हणाली, हे मला सांगता येत नाही. तिनं ते वहीत प्रश्न म्हणून लिहून घेतलं, तोवर पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी राहिली होती.